दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमासाठी वैयक्तिक निवेदन आणि पोर्टफोलिओ टिपण कसे लिहावे : बेदाणा शेडवरच्या एका लघुपटाच्या आधारे

दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करणाऱ्याची अडचण छायालेखनाच्या किंवा संकलनाच्या उमेदवारापेक्षा वेगळी असते. छायालेखक आपली छायाचित्रे पुढे ठेवू शकतो आणि संकलक जोडलेला तुकडा दाखवू शकतो. दिग्दर्शकाच्या लघुपटात मात्र कॅमेरा दुसऱ्याने धरलेला असतो, अभिनय तिसऱ्याने केलेला असतो आणि आवाज चौथ्याने घेतलेला असतो. त्यामुळे यात उमेदवाराचे स्वतःचे काय, हा प्रश्न निवड समितीसमोर उरतोच. त्याचे पुरते उत्तर पडद्यावर मिळत नाही. कॅमेरा इथेच का ठेवला, हा संवाद का काढला, पाऊस दाखवायचा की ऐकवायचा हे कसे ठरले, या गोष्टी उमेदवारानेच सांगाव्या लागतात. वैयक्तिक निवेदन आणि पोर्टफोलिओसोबतचे टिपण मागितले जाते ते यासाठी. म्हणून या दोन्ही लेखनांत सिनेमावरचे प्रेम मांडण्यापेक्षा तुम्ही घेतलेले निर्णय आणि त्यांमागची कारणे मांडावीत, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढचे सारे विवेचन त्याच धाग्याने जाणार आहे.

उदाहरण म्हणून तासगाव तालुक्यातील एका पदवीधर विद्यार्थिनीचा अर्ज घेतो. तिच्याकडे मोबाइलवर चित्रित केलेला आठ मिनिटांचा एक लघुपट, महाविद्यालयात बसवलेली एक एकांकिका आणि काही छायाचित्रे एवढेच साहित्य होते. सांगली-सातारा भागातून अर्ज करणाऱ्या बहुतेकांकडे साधारण एवढेच असते, आणि नीट मांडले तर ते पुरते.

लिहिण्यापूर्वीचे काम

पहिली गोष्ट म्हणजे त्या वर्षीचे माहितीपत्रक शब्दन् शब्द वाचणे. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट असो, कोलकात्याची सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट असो किंवा एखादी खासगी वा परदेशी संस्था असो, निवेदन कोणत्या टप्प्यावर द्यायचे, किती शब्दांचे, कोणत्या भाषेत आणि सोबत किती मिनिटांचे काम जोडायचे, हे संस्थेनुसार आणि वर्षानुसार बदलते. गेल्या वर्षीच्या मित्राचा नमुना समोर ठेवून लिहिलेले निवेदन अनेकदा भलत्याच प्रश्नाचे उत्तर ठरते. संस्थेने ‘तुम्हाला दिग्दर्शन का शिकायचे आहे’ असे विचारले आहे, की ‘तुमच्यावर परिणाम करणाऱ्या एका अनुभवाविषयी लिहा’ असे सांगितले आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.

दुसरे काम अधिक वेळ घेते आणि तेच सर्वांत मोलाचे आहे. निवेदनाचा मसुदा करायला बसण्याआधी आपल्या प्रत्येक कामासाठी एक पान घेऊन त्यावर फक्त निर्णय लिहून काढावेत. प्रत्येक निर्णयापुढे तीन गोष्टी असाव्यात : दुसरा कोणता पर्याय होता, हा पर्याय का निवडला, आणि पडद्यावर त्याचे काय झाले. पहिल्या बैठकीत चार-पाच निर्णयच आठवतात. मग चित्रीकरणाच्या वेळचे मोबाइलमधले संदेश, पटकथेवरच्या खोडाखोडी आणि न वापरलेले शॉट पाहावेत. वगळलेल्या शॉटजवळ बहुधा सर्वांत चांगला निर्णय दडलेला असतो.

आमच्या उदाहरणातील लघुपट असा आहे. मार्च महिन्यात एक माणूस बेदाणा शेडवर रात्री राखणीला आहे. डिपिंगच्या द्रावणातून काढलेली द्राक्षे जाळीच्या रॅकवर पसरलेली आहेत, ती सुकायला आणखी काही दिवस लागणार आहेत आणि आभाळ भरून आले आहे. अवकाळी पावसाने माल भिजला तर बेदाणा काळा पडतो आणि सौद्यात त्याला दर मिळत नाही. मुलगा माल आजच काढू म्हणतो, बाप थांबू म्हणतो. एवढीच गोष्ट. तिच्या पानावर शेवटी अकरा निर्णय जमा झाले आणि त्यांपैकी चारच निवेदनात व टिपणात वापरले. उरलेले सात वाया गेले नाहीत, कारण मुलाखतीत विचारले जातात ते त्यांविषयीच.

पहिला परिच्छेद

तिच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती : ‘मी नाट्यपंढरी सांगलीच्या मातीत वाढले. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी याच सांगलीत सीतास्वयंवर सादर करून मराठी रंगभूमीचा पाया घातला. लहानपणापासून मला सिनेमाची प्रचंड आवड होती. सिनेमा हे समाजाचे प्रतिबिंब आहे आणि दिग्दर्शक हा त्या जहाजाचा कप्तान असतो.’

यात असत्य काही नाही. सांगलीचा तो वारसा खरा आहे आणि त्याचा अभिमान आपल्या सर्वांना आहे. परंतु भाव्यांचे कर्तृत्व भाव्यांचे आहे; त्यातून या मुलीविषयी एकही गोष्ट कळत नाही. आवड लहानपणापासून असणे हेही अर्ज करणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत खरे असते. उरलेली दोन वाक्ये कोणाच्याही निवेदनात जशीच्या तशी बसतील. एक साधी कसोटी आहे : वाक्यातील ‘मी’च्या जागी शेजारच्या उमेदवाराला बसवून पाहावे, आणि वाक्य तरीही खरे राहिले तर ते काढावे. या कसोटीत तिचा पहिला परिच्छेद पूर्ण गेला.

नव्या मसुद्याची सुरुवात तिने शेडवरून केली : ‘आमच्या बेदाणा शेडला हिरव्या शेडनेटचा पडदा असतो. दिवसा त्यातून उजेड येतो तेव्हा आत काम करणाऱ्या बायकांचे चेहरे हिरवे दिसतात. लहानपणी मला ते कधी जाणवले नाही, कारण डोळ्यांना त्याची सवय होते. लघुपटाच्या पहिल्या दिवशी मोबाइलच्या पडद्यावर माझ्या काकांचा चेहरा आजारी माणसासारखा दिसला. रंग नंतर दुरुस्त केला तर चेहरा ठीक होत होता, पण मागचे शेड कुठलेही गोदाम वाटत होते. शेवटी आम्ही पूर्वेकडच्या बाजूचे नेट छातीइतक्या उंचीपर्यंत गुंडाळले आणि काकांना त्या बाजूला तोंड करून बसवले. चेहऱ्यावर पांढरा उजेड आला आणि मागे हिरवा राहिला.’

हा परिच्छेद वाचणाऱ्याला बऱ्याच गोष्टी न सांगता कळतात. उमेदवार कुठली आहे, घरचा व्यवसाय काय आहे, ती उजेड पाहते, अडचण आली तर तांत्रिक दुरुस्तीवर न विसंबता जागेवर उपाय शोधते, आणि त्या उपायात आशयाचा विचार करते. तिने ‘मी निरीक्षणशक्ती असलेली व्यक्ती आहे’ असे कुठेही म्हटलेले नाही, आणि म्हणायची गरजही उरली नाही.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. ग्रामीण पार्श्वभूमी, कौटुंबिक हलाखी, महापूर, दुष्काळ यांचे वर्णन निवेदनात येऊ शकते, पण ते सहानुभूती मिळवण्यासाठी आले तर वाचणाऱ्याला लगेच जाणवते. २०१९ च्या कृष्णेच्या पुरात घर पाण्याखाली गेले असेल तर ते जरूर लिहावे. मात्र त्या घटनेने तुमच्या पाहण्यात काय बदलले, एखाद्या दृश्याची मांडणी तुम्ही वेगळी का केली, इथपर्यंत ते पोहोचले पाहिजे. न पोहोचल्यास ती घटना निवेदनाबाहेर ठेवावी.

मधला भाग : एकाच कामात खोल जाणे

निवेदन हजार शब्दांचे असेल तर त्यातील निम्मे शब्द एकाच कामावर खर्च करावेत असे मी सुचवतो. अनेक उमेदवार शाळेतल्या स्नेहसंमेलनापासून सगळ्या कामांची यादी देतात. यादीची जागा अर्जातील रकान्यांत असते. निवेदनात विचार दिसायला हवा, आणि विचार दिसायला जागा लागते.

या विद्यार्थिनीने निवडलेला दुसरा निर्णय अभिनयाविषयीचा होता. बापाची भूमिका तिच्या काकांनी केली. त्यांनी पूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर काम केलेले नव्हते. पटकथेत त्यांना चौदा वाक्ये होती. तालमीत त्यांनी ती पाठ म्हटली, पण वाक्य आठवताना त्यांची नजर जमिनीवर जायची आणि हातांचे काय करावे हे त्यांना कळायचे नाही. पहिल्यांदा तिने त्यांना अधिक भावना आणायला सांगितले, तेव्हा काम आणखी बिघडले. मग ती म्हणाली, ‘काका, बोलूच नका तुम्ही. फक्त ताडपत्रीची गाठ बांधा, आणि पोरगं काय म्हणतंय ते ऐकून घ्या.’ गाठ बांधण्याचे काम त्यांच्या रोजच्या सवयीचे असल्यामुळे ते कॅमेरा विसरले. मुलगा ‘आजच काढूया’ म्हणतो तेव्हा त्यांचे हात क्षणभर थांबतात आणि मग गाठ अधिक घट्ट ओढली जाते. बापाचा नकार प्रेक्षकाला त्या हातांतून कळतो. चौदांपैकी तीन वाक्ये राहिली.

नवख्या नटासोबत काम करताना त्याला भावना सांगण्याऐवजी करायला कृती द्यावी, ही गोष्ट अभ्यासक्रमात शिकवली जातेच. पण ती स्वतःच्या अडचणीतून सापडली आहे आणि नेमक्या तपशिलासह सांगता येते आहे, याला समितीच्या लेखी किंमत असते. म्हणून असा प्रसंग लिहिताना ‘मी काकांकडून उत्तम अभिनय करून घेतला’ असा निष्कर्ष लिहू नये. आधी काय केले, ते का फसले, मग काय बदलले आणि पडद्यावर काय दिसले, एवढाच क्रम ठेवावा.

याच भागात एक फसलेली गोष्टही असावी, आणि ती खरोखर फसलेली असावी. ‘मी फार परिपूर्णतावादी आहे, हाच माझा दोष’ अशा धाटणीची वाक्ये वाचणाऱ्याने शेकडो वेळा वाचलेली असतात. आमच्या उदाहरणात बाप आणि मुलगा रॅकच्या दोन बाजूंना उभे राहून बोलतात असे दृश्य आहे. बापाचा क्लोज-अप रॅकच्या एका बाजूने घेतला. मुलाच्या वेळी त्या बाजूला उजेड पुरेना, म्हणून कॅमेरा दोघांमधील कल्पित रेषा ओलांडून पलीकडे नेला. संकलनात दोन शॉट एकापुढे एक ठेवल्यावर दोघेही चौकटीच्या उजवीकडेच पाहताना दिसले, म्हणजे मुलगा बापाशी बोलत नसून दोघे मिळून तिसऱ्या कोणाकडे तरी पाहत आहेत असे वाटू लागले. पुन्हा चित्रीकरण शक्य नव्हते, कारण तोवर रॅकवरचा माल झाडून झाला होता. तिने दोन शॉटच्या मध्ये सुकणाऱ्या द्राक्षांचा जवळचा शॉट घातला. त्याने दिशेचा धक्का कमी झाला, पण संवादातला ताणही सैल झाला, आणि निवेदनात तिने हे दोन्ही लिहिले. चुकीचे कारण, केलेली दुरुस्ती आणि दुरुस्तीची किंमत अशा तिन्ही गोष्टी ज्याला सांगता येतात, त्याला शिकवता येईल असा विश्वास शिक्षकाला वाटतो.

पाहिलेला सिनेमा आणि निवडलेली संस्था

प्रभावांविषयी लिहिताना पाच-सहा जगप्रसिद्ध दिग्दर्शकांची नावे ओळीने देण्याचा मोह टाळावा. एकच दृश्य निवडावे, ते आवाज बंद करून आणि नंतर चित्र न पाहता केवळ आवाज ऐकून अनुभवावे, शॉट मोजावेत, आणि त्या दृश्यात तुम्हाला न सुचलेला कोणता निर्णय घेतला गेला हे पाच-सहा वाक्यांत लिहावे. दृश्य मराठी चित्रपटातले असले तरी चालते, गावच्या जत्रेतल्या तंबूत पाहिलेल्या चित्रपटातले असले तरी चालते. ज्याविषयी मुलाखतीत दहा मिनिटे बोलता येणार नाही ते नाव मात्र निवेदनात असू नये.

‘ही संस्था का’ या प्रश्नाला उत्तर देताना संस्थेचा इतिहास संस्थेलाच सांगितला जातो. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली, १९३३ साली पुण्यात आली आणि तिच्याच आवारात १९६० साली पुण्याची संस्था सुरू झाली, हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. त्याऐवजी आपल्या कामातील उणीव आणि अभ्यासक्रमातील नेमका भाग यांची गाठ घालावी. रेषा ओलांडण्याची चूक सांगितलेल्या उमेदवाराला दृश्याच्या मांडणीचे सराव का हवे आहेत, हे दोन वाक्यांत सांगता येते, आणि ती दोन वाक्ये स्तुतीच्या पानभर मजकुरापेक्षा जास्त पटतात.

पोर्टफोलिओचे टिपण

निवेदन तुमच्याविषयी असते. टिपण प्रत्येक कामाविषयी असते आणि ते बरेच कोरडे असले तरी चालते. समिती ते काम पाहण्याआधी किंवा पाहताना वाचते, म्हणून प्रत्येक कामाला दीडशे ते दोनशे शब्दांपेक्षा जास्त जागा देऊ नये. सुरुवातीला कामाचे नाव, वर्ष, अवधी, कशावर चित्रित केले आणि तुमचे नेमके काम काय होते, हे एका ओळीत यावे. त्यानंतर कथेचा सारांश दोन वाक्यांत, आणि मग दोन निर्णय, शक्यतो मिनिट-सेकंदाच्या उल्लेखासह. बेदाण्याच्या लघुपटाचे टिपण शेवटी असे झाले :

‘राखण. ८ मिनिटे. मोबाइलवर चित्रित, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. पटकथा व दिग्दर्शन माझे. कॅमेरा आणि संकलन महाविद्यालयातील दोन मित्रांचे. संकलनाच्या शेवटच्या दोन आवृत्त्यांच्या वेळी मी सोबत बसले होते. अवकाळी पावसाच्या भीतीत बेदाणा शेडवर राखण करणाऱ्या बाप-लेकाची एका रात्रीची गोष्ट. पाऊस पडद्यावर कुठेही दिसत नाही. कृत्रिम पाऊस पाडण्याची सोय नव्हती हे एक कारण; पण सोय असती तरी मी तो दाखवला नसता, कारण या माणसासाठी पाऊस म्हणजे पत्र्यावर वाजणारा पहिला थेंब आहे. ५ मिनिटे ४० सेकंदांपासून कॅमेरा बापाच्या चेहऱ्यावर स्थिर आहे आणि थेंबांचा आवाज एकेक करून वाढतो. हा आवाज आम्ही शेडच्याच पत्र्यावर पाइपने पाणी सोडून घेतला. ३ मिनिटे १० सेकंदांच्या संवादात नजरेच्या दिशा जुळत नाहीत. त्याचे कारण निवेदनात दिले आहे.’

या टिपणातील तीन गोष्टींकडे लक्ष वेधतो. कोणाचे काय काम होते हे स्पष्ट सांगितल्यामुळे श्रेयाविषयी शंका राहत नाही. गटाने केलेल्या लघुपटाला चार जणांनी ‘दिग्दर्शन माझे’ म्हणून स्वतंत्र अर्जांत जोडल्याची उदाहरणे घडतात, आणि तसे उघड झाले तर चौघांचेही नुकसान होते. सहदिग्दर्शन असेल तर कोणती दृश्ये तुम्ही हाताळली ते लिहावे. दुसरे, साधनांची कमतरता कारण म्हणून आली आहे, सबब म्हणून आलेली नाही. तिसरे, उणीव स्वतःच दाखवून दिल्यामुळे ती पाहणाऱ्याला सापडण्याचा प्रश्नच उरत नाही.

पार्श्वसंगीताविषयी माझे मत थोडे कडक आहे. प्रसिद्ध चित्रपटातील गाणे किंवा संगीत लघुपटाखाली टाकले की दृश्यातला भाव तुमच्या मांडणीने निर्माण झाला की त्या सुरांनी, हे ओळखता येत नाही. हक्कांचा प्रश्न तर वेगळाच, आणि त्यापायी कधी कधी व्हिडिओच रोखला जातो. संगीत काढून लघुपट एकदा पाहावा. तो तरीही उभा राहत असेल तर तसाच पाठवावा.

केवळ नाटक केलेल्यांसाठी

सांगली, मिरज, सातारा, वाई, कऱ्हाड इथल्या अनेकांचा अनुभव एकांकिका स्पर्धांचा आणि राज्य नाट्य स्पर्धेचा असतो, आणि सिनेमाच्या अर्जात तो कमी पडेल अशी भीती त्यांना वाटते. नटांसोबत महिना-दोन महिने तालीम केलेल्या माणसाकडे दिग्दर्शनाचा खरा अनुभव असतो. प्रश्न मांडणीचा आहे. प्रेक्षागृहाच्या मागच्या रांगेतून एका कॅमेऱ्याने घेतलेले पूर्ण एकांकिकेचे चित्रण पाठवू नये, कारण त्यात चेहरे दिसत नाहीत, आवाज घुमतो आणि पाहणारा दोन मिनिटांत थांबतो. तीन मिनिटांचा एकच प्रवेश निवडावा. सोबत त्या प्रवेशातल्या हालचालींचा एक आराखडा काढून जोडावा : रंगमंच वरून पाहिल्यासारखा, पात्रे कुठे उभी आहेत, कोण कोणत्या वाक्यावर कुठे जाते आणि का. त्याच पानावर हाच प्रवेश कॅमेऱ्याने चित्रित करायचा झाला तर तुम्ही पहिले तीन शॉट कोणते घ्याल, हेही लिहावे. आमच्या विद्यार्थिनीने एकांकिकेबाबत असेच केले. नाटकात नायिका प्रेक्षकांकडे पाठ करून जे वाक्य म्हणते, ते सिनेमात कोणत्या बाजूने पाहावे याचा विचार तिने लिहिला, आणि माझ्या मते तो तिच्या पोर्टफोलिओतला सर्वांत पक्का भाग होता.

छायाचित्रे जोडायची असतील तर ती सुटी सुंदर चित्रे असू नयेत. आठ ते दहा चित्रांची अशी मालिका करावी की मथळ्यांशिवाय क्रमाने पाहताना काहीतरी घडत गेल्याचे कळेल. सूर्यास्त, कासच्या पठारावरची फुले, वाईच्या घाटावरचे दिवे ही चित्रे देखणी असतात, पण दिग्दर्शनाविषयी फारसे काही सांगत नाहीत.

भाषा

संस्थेने इंग्रजी किंवा हिंदीत निवेदन मागितले असले तरी पहिला मसुदा मराठीत लिहावा. ताडपत्री, रॅक झाडणे, सौदा, अवकाळी या शब्दांसोबत जो अनुभव येतो तो परभाषेत थेट लिहायला बसल्यावर हातातून निसटतो आणि त्या जागी ठरावीक भारदस्त शब्द येतात. मराठी मसुदा पक्का झाला की स्वतःच्या कुवतीच्या साध्या भाषेत तो उतरवावा. स्थानिक शब्द तसेच ठेवून अर्ध्या वाक्यात अर्थ द्यावा. व्याकरण कोणाकडून तरी तपासून घेण्यात गैर काही नाही, परंतु पैसे घेऊन तयार निवेदन लिहून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. असा मजकूर मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो, कारण लिहिलेली भाषा आणि बोलली जाणारी भाषा यांतले अंतर लपत नाही.

पाठवण्यापूर्वीची तपासणी

मसुदा पूर्ण झाल्यावर त्याच्या उजव्या बाजूला रुंद समास सोडून छापील प्रत काढावी आणि प्रत्येक वाक्यासमोर त्यातून उद्भवणारा प्रश्न लिहावा. ‘पाऊस दाखवला नसता’ या वाक्यासमोर प्रश्न येतो, ‘मग शेवटी तो आला की नाही, हे प्रेक्षकाला कसे कळते?’ ज्या वाक्यासमोर कोणताच प्रश्न सुचत नाही ते बहुधा निरुपयोगी असते, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नाही ते वाक्य धोक्याचे असते. पहिल्या प्रकारची वाक्ये काढावीत. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांवर काम करावे किंवा तीही काढावीत.

व्हिडिओची तपासणी वेगळी करावी लागते. दुवा खासगी ठेवला तर तो समितीला उघडत नाही आणि सार्वजनिक ठेवणे काही संस्थांना चालत नाही, म्हणून दुवा असलेल्यालाच दिसेल अशी व्यवस्था करावी आणि पासवर्ड असेल तर तो टिपणात दुव्याच्या लगेच खाली द्यावा. स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून, दुसऱ्याच्या मोबाइलवर, घरच्या वायफायऐवजी मोबाइल डेटावर तो उघडून पाहावा. निकाल लागेपर्यंत त्या दुव्यावरची फाइल बदलू नये. संवाद मराठीत असल्यास उपशीर्षके चित्रावरच कायमची जोडावीत, आणि ती शेडनेटच्या हिरव्यावर वाचता येतात का हे लहान पडद्यावर पाहावे. आवाज एकदा इअरफोनवर आणि एकदा लॅपटॉपच्या साध्या स्पीकरवर ऐकावा. आमच्या लघुपटातील पहिले थेंब इअरफोनवर स्पष्ट होते आणि लॅपटॉपवर अजिबात ऐकू येत नव्हते, त्यामुळे त्यांची पातळी वाढवावी लागली. रात्रीच्या दृश्यात बल्बचा उजेड लुकलुकत असेल तर कारण बहुधा शटरचे असते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवले की ही अडचण सहसा येत नाही, परंतु चित्रीकरण होऊन गेले असेल तर ती दुरुस्त करणे कठीण जाते. तो शॉट अटळ नसेल तर वगळावा.

कामांचा क्रम काळानुसार लावू नये. सर्वांत भक्कम काम पहिले ठेवावे आणि लघुपटाच्या सुरुवातीची नामावली दहा सेकंदांच्या आत आटोपावी, कारण अनेक अर्ज पाहणारा माणूस प्रत्येक काम शेवटपर्यंत पाहीलच असे नाही. संस्थेने दहा मिनिटांची मर्यादा घातली असेल तर बारा मिनिटांचा लघुपट पाठवण्याऐवजी त्यातील सलग दृश्य निवडावे. निवडक शॉट जोडून केलेली झलक दिग्दर्शनाच्या अर्जाला उपयोगाची नसते, कारण दृश्य कसे उभे राहते ते तिच्यातून दिसत नाही.

या सगळ्याला सवड मिळायची तर शेवटच्या तारखेच्या आधी निदान सहा आठवडे हातात असावेत : दोन आठवडे निर्णयांची पाने भरायला, दोन मसुद्यांना, एक बाहेरच्या दोन वाचकांना, आणि शेवटचा आठवडा दुवे व फाइल तपासायला. बाहेरच्या वाचकांपैकी एक नाटक-सिनेमाशी संबंध नसलेला असावा. त्याने वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवावा आणि लघुपटात काय घडते ते तोंडी सांगावे. त्याला जिथे अडायला होते ती जागा पुन्हा लिहावी. पाठवलेल्या निवेदनाची आणि टिपणाची छापील प्रत, तसेच निर्णयांची मूळ पाने, मुलाखतीला जाताना सोबत ठेवावीत आणि आदल्या दिवशी लघुपट एकदा पूर्ण पाहावा, कारण महिने उलटल्यावर स्वतःच्याच शॉटचा क्रम विसरलेला असतो.